“अठ्ठावीस साईझ किती तयार आहे?” : नव्या सॉफ्टवेअरच्या लाँचसाठी सात स्लाइड कशा लिहायच्या

सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना चालवणाऱ्याला मे-जूनमध्ये एकच फोन दिवसातून कित्येकदा येतो. पलीकडे दुसऱ्या गावचा दुकानदार असतो. “अठ्ठावीस साईझ संपली, चाळीस नग पाठवता का?” मालक फोन कानाला तसाच ठेवून आत ओरडतो, “मास्तर, त्या हिरव्या चेक्सचे अठ्ठावीस किती झाले?” मशिनींच्या आवाजात मास्तरांपर्यंत काही पोचत नाही. मग मालक दुकानदाराला म्हणतो, “पाच मिनिटांत सांगतो.” ती पाच मिनिटं बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत लांबतात.

छोट्या धंद्यासाठी टूल बनवून ते पहिल्यांदा लोकांसमोर ठेवायचं असेल, तर तुमचा कॅरोसेल अशा एखाद्या फोनपासून सुरू व्हायला हवा. कॅरोसेल म्हणजे बोटाने सरकवत बघायच्या चित्रांची मालिका. मी सोलापुरातल्या दोन तरुण इंजिनियरांच्या टूलसाठी असा कॅरोसेल दोनदा लिहिला. त्यांचं टूल युनिफॉर्मच्या ऑर्डरी आणि तयार मालाचा हिशोब ठेवतं. पहिल्या खेपेला एकाही कारखानदाराने विचारणा केली नाही, दुसऱ्या खेपेला केली. दोन्ही वेळा टूल तेच होतं, म्हणून फरक कुठे पडला ते नीट दाखवता येईल.

पहिल्या कॅरोसेलमध्ये दहा स्लाइड होत्या. पहिलीवर लोगो आणि “आम्ही येत आहोत!”. पुढे प्रत्येकीवर एक फीचर: क्लाउड बॅकअप, मल्टी-युजर लॉगिन, रिअल टाइम इन्व्हेंटरी, डॅशबोर्ड, क्यूआर स्कॅन. लाइक बरे आले. नावं तपासली तर जवळजवळ सगळे आमचे वर्गमित्र आणि इतर सॉफ्टवेअरवाले होते. ज्या काकांच्या कारखान्यात टूलची चाचणी चालू होती त्यांना फोनवर दाखवला. तीन स्लाइड सरकवून त्यांनी विचारलं, “चांगलंय, पण हे कशाचं आहे?” रोज ते टूल वापरणाऱ्या माणसाला त्याच टूलची जाहिरात ओळखू आली नाही.

आधी कारखान्यात एक तास

डिझाइनचं अॅप उघडण्याआधी मालकाच्या शेजारी एक तास बसा. मुलाखत घेऊ नका. “तुमच्या अडचणी काय आहेत?” असं विचारलं की माणूस जीएसटी, कामगार आणि मंदी एवढं सांगून मोकळा होतो. त्याऐवजी फोन वाजला की काय होतं ते बघा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: पलीकडच्याने काय विचारलं, उत्तर शोधायला कोण कुठे गेलं, आणि शेवटी मालक काय बोलला. शब्द जसेच्या तसे उतरवा. “इन्व्हेंटरी” हा शब्द त्या तासात मी एकदाही ऐकला नाही. “तयार माल”, “शिलाईत आहे”, “कटिंग झालंय”, “नग”, “बंडल” हे शब्द सतत कानावर पडत होते. स्लाइडवर हेच शब्द जातात.

इथे एक मोह टाळा. आपल्या सोलापुरात “काय करूलालाव?” असं बोलतात, आणि ते स्लाइडवर टाकलं की आपलेपणा वाटेल असं आपल्याला वाटतं. मला ते पटत नाही. माणूस घरात ज्या बोलीत बोलतो ती त्यालाच काही विकण्यासाठी वापरली, तर आपली नक्कल केल्यासारखं त्याला वाटू शकतं. शब्द धंद्यातले घ्या, वाक्य साधं मराठी ठेवा. शहराच्या पूर्व भागात तर मालक आणि मास्तर आपसांत तेलुगूत बोलतात असे कारखाने कितीतरी आहेत. तिथे साधी, छोटी मराठी वाक्यंच सगळ्यांना सारखी कळतात.

“म्हणजे काय होतं?” विचारत जा, पण थांबायचं कुठे ते ओळखा

टूल काय करतं ते फीचर. त्यामुळे मालकाच्या दिवसात काय बदलतं तो फायदा. फीचरपासून फायद्यापर्यंत जायची रीत सोपी आहे. फीचर लिहा, त्याच्यापुढे “म्हणजे काय होतं?” असा प्रश्न टाका, उत्तर लिहा आणि त्या उत्तरालाही तोच प्रश्न विचारा.

आमचं मुख्य फीचर होतं “रिअल टाइम साईझवार स्टॉक”.

म्हणजे काय होतं? कटिंग, शिलाई आणि पॅकिंग या तिन्ही ठिकाणी कोणत्या साईझचे किती नग आहेत ते मालकाच्या फोनवर दिसतं.

म्हणजे काय होतं? दुकानदाराचा फोन चालू असतानाच त्याला आकडा सांगता येतो.

म्हणजे काय होतं? दुकानदार वाट बघत बसत नाही, दुसऱ्या कारखानदाराला फोन लावत नाही.

म्हणजे काय होतं? विक्री वाढते.

चौथ्या उत्तराशी आलो की आपण फार लांब गेलेलो असतो. “विक्री वाढते” हे वाक्य कुठल्याही टूलखाली, कुठल्याही बँकेच्या कर्जाखाली, अगदी दुकानाच्या नव्या पाटीखालीही चालेल. शिवाय त्याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. विक्री कापडाच्या भावावर, शाळेच्या निर्णयावर आणि दुकानदाराच्या उधारीवरही ठरते. माझी कसोटी अशी आहे: कारखान्यात उभं राहून डोळ्यांनी बघता येईल अशा उत्तरावर थांबायचं. फोन चालू असताना आकडा सांगितला गेला, हे दिसतं. म्हणून दुसरं उत्तर पहिल्या स्लाइडवर जातं. तिसरं उत्तर मालकानेच बोलून दाखवलं असेल तर ते पुढच्या स्लाइडला चालतं. चौथं वहीतच राहू द्या.

प्रत्येक फीचर या वाटेने कुठेतरी पोचतंच असं नाही. “क्लाउड बॅकअप”ला विचारलं तर उत्तर आलं, फोन हरवला किंवा बिघडला तरी ऑर्डरी जात नाहीत. हे चांगलं उत्तर आहे. “मल्टी-युजर लॉगिन”चं उत्तर, मालक लग्नाला बाहेरगावी गेला तरी भाऊ कारखान्यातून तोच आकडा बघू शकतो. हेही चांगलं. “डार्क मोड”ला विचारलं आणि आम्ही तिघेही गप्प झालो. ते यादीतून काढलं.

मराठीतली एक अडचण इथेच सांगतो, कारण नवखे हमखास तिच्यात सापडतात. स्लाइडवर “फायदे” असं शीर्षक देऊ नका. आपण लिहिणारे फायदा म्हणजे सोय असं धरतो, पण व्यापाऱ्याच्या तोंडी फायदा म्हणजे नफा. “आमच्या टूलचे ५ फायदे” वाचून तो खाली रुपये शोधतो, ते सापडत नाहीत आणि स्लाइड सरकते. शीर्षकाची गरजच नाही, जे होणार आहे ते सरळ सांगा.

एकच घ्या

हाताशी दोन तगडे फायदे होते. एक, फोनवर लगेच उत्तर. दुसरा, सीझनच्या शेवटी उरणारा माल कमी करणं. दुसऱ्यात पैसा जास्त आहे. एखाद्या शाळेच्या ठरावीक चेक्सचे शर्ट उरले आणि पुढच्या वर्षी शाळेने कापड बदललं, तर ते नग दुसऱ्या कुठल्याच शाळेला चालत नाहीत. इंजिनियर मित्रांचा आग्रह त्याच्यासाठी होता.

तरी मी फोन निवडला. माल उरणं वर्षातून एकदा समोर येतं, आणि टूलने आकडे दाखवले तरी कटिंग किती करायचं हे शेवटी मालकच ठरवतो. टूलमुळे काय वाचलं ते कळायला अख्खा सीझन जावा लागतो. फोनचं तसं नाही. तो रोज येतो, त्यातला त्रास मालकाला चटकन आठवतो आणि कारखान्यात एका मिनिटात दाखवता येतो. लाँचच्या कॅरोसेलमध्ये रोजचा, छोटा आणि लगेच दाखवता येणारा फायदा घ्यावा असं माझं मत आहे. मोठा फायदा नंतर येऊ द्या, एखाद्या कारखान्याचा सीझन टूलवर पार पडल्यावर, त्या मालकाच्या परवानगीने आणि खऱ्या आकड्यांसकट.

सात स्लाइड

आधी सगळा मजकूर वहीत लिहा. एका स्लाइडवर साधारण पंधरा शब्दांच्या वर जाऊ नका.

पहिली स्लाइड: “२८ साईझ किती तयार आहे?” आणि खाली लहान अक्षरांत “फोन चालू असतानाच सांगा.” लोगो नाही, टूलचं नाव नाही. मागे कारखान्यातला खरा फोटो, शर्टांची बंडलं आणि कानाला फोन लावलेला हात. कारखान्यात साईझची चिठ्ठी इंग्रजी आकड्यांत लिहिलेली असते, म्हणून प्रत्यक्ष स्लाइडवर आम्ही तो आकडा तसाच ठेवला. रोज डोळ्यांसमोर असणारा आकडा त्याच रूपात दिसला की नजर थांबते.

दुसरी: “सीझनमध्ये हा फोन आला की दर वेळी कुणाला तरी आत पळावं लागतं.” पहिली स्लाइड न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट पुन्हा दाखवतं, तेव्हा सुरुवात दुसऱ्या स्लाइडने होते. म्हणून दुसरी स्लाइड पहिलीशिवायही समजली पाहिजे. “आणि म्हणूनच…” अशी तिची सुरुवात करू नका.

तिसरी: “‘पाच मिनिटांत सांगतो’ म्हटलं की दुकानदार दुसरीकडे फोन लावतो.” हे वाक्य त्या काकांचं आहे, त्यांना विचारून घेतलं. मी आधी लिहिलं होतं, “तुमचं लाखोंचं नुकसान होत आहे!” ते खोडलं. कुणाचं किती नुकसान होतं हे मला माहीत नव्हतं. शिवाय घाबरवणाऱ्या वाक्याने माणूस सावध होतो आणि पुढच्या प्रत्येक स्लाइडकडे संशयाने बघतो.

चौथी, टूलचा पडदा. इथे बहुतेकांचं बिघडतं. ते अख्ख्या डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट टाकतात आणि फोनवर त्याची मुंग्यांची रांग होते. आम्ही एकच ओळ कापून मोठी केली: “हिरवा चेक्स, २८. कटिंग ६०, शिलाईत ४०, तयार ३५.” खाली लिहिलं, “३५ आज पाठवतो, बाकीचे परवा.” दुकानदाराला चाळीस हवे होते आणि तयार पस्तीसच आहेत, हे मुद्दाम ठेवलं. आकडा पुरेसा नसतानाही मालकाला ठाम उत्तर देता येतं, टूलचं खरं काम तेच आहे. तिथे “तयार २००” दाखवलं असतं तर तो नुसता सुंदर पडदा झाला असता.

पाचवी स्लाइड मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चौथीवर पोचलेल्या मालकाच्या मनात एकच प्रश्न असतो: “एन्ट्री कोण करणार?” त्याने याआधी एखादं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं, दोन आठवड्यांत नोंदी बंद पडलेल्या असतात आणि पुन्हा वही आलेली असते. हा प्रश्न त्याच शब्दांत स्लाइडवर लिहा आणि खाली उत्तर द्या. मात्र उत्तर मोजून द्या. आम्ही कारखान्यात उभं राहून मोजलं. दिवसाला साधारण साठ बंडलं होत होती. प्रत्येक बंडलाच्या चिठ्ठीवरचा क्यूआर कोड तीनदा स्कॅन करायचा, कटिंगनंतर, शिलाईनंतर आणि पॅकिंगनंतर. म्हणजे १८० स्कॅन. एका स्कॅनला पाच सेकंद धरले तर ९०० सेकंद, पंधरा मिनिटं. तीन जागी तीन माणसं, प्रत्येकाला पाच मिनिटं. स्लाइडवर आलं: “एन्ट्री कोण करणार? बंडलाची चिठ्ठी फोनने स्कॅन करायची. तीन माणसं, रोज पाच-पाच मिनिटं.” “वापरायला एकदम सोपं” असं लिहून हे काम झालं नसतं. “एकदम सोपं” प्रत्येक जणच म्हणतो.

सहावीवर फीचरं परत येतात. फीचर वाईट नसतं, त्याची जागा चुकलेली असते. पहिल्या स्लाइडवर “क्लाउड” हा नुसता आवाज वाटतो. सहावीवर पोचलेला माणूस मात्र “पण हे होतं कसं?” असं विचारत असतो, आणि तिथे तीच गोष्ट पुरावा ठरते. आम्ही दोनच घेतली: “नेट गेलं तरी स्कॅन होतं. फोन हरवला तरी हिशोब राहतो.” त्याखाली एक ओळ: “कारागिरांच्या पगाराचा हिशोब यात नाही.” मित्रांना ही ओळ नको होती. मी हट्ट धरला. पीस-रेटवर काम चालणाऱ्या कारखान्यात नग मोजणारं टूल म्हटलं की पगाराचा हिशोबही त्यात असेल असं मालक गृहीत धरतो, आणि ते नाही हे पैसे भरल्यावर कळलं तर पहिलं गिऱ्हाईक तिथेच तुटतं.

नेटच्या ओळीतही एक मर्यादा दडलेली होती. नेट नसताना केलेला स्कॅन त्या फोनमध्येच राहतो, नेट आलं की मालकाच्या पडद्यावर दिसतो. तेवढा वेळ मालकाला जुनाच आकडा दिसतो. म्हणून “क्षणाक्षणाला अचूक” हे शब्द आम्ही कुठेही वापरले नाहीत. तुमच्या टूलमध्येही अशी एखादी अट असेलच. लिहिणाऱ्याने बनवणाऱ्याला प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावं, “हे कधी खरं नसतं?” दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. पण त्याच्याही आधी सोलापुरातला बाजार लागू होतो, तिथे एका गल्लीतली तक्रार चहा संपायच्या आत दुसऱ्या गल्लीत पोचते.

सातवी: “महिन्याला ७०० रुपये, जीएसटीसह ८२६. व्हॉट्सअॅपवर २८ लिहून पाठवा. कारखान्यात येऊन एका डिझाइनवर लावून दाखवू.” किंमत लपवू नका. “अधिक माहितीसाठी संपर्क करा” वाचून कामात असलेला माणूस किंमत जास्त असणार असं समजतो. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून हातातून जाणारी पूर्ण रक्कम लिहा. करायला सांगायची गोष्टही एकच ठेवा. फॉलो करा, शेअर करा, वेबसाइट बघा आणि फोन करा असं एकदम सांगितलं की माणूस काहीच करत नाही.

चित्रं बनवताना

इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० पिक्सेलचं उभं चित्र घ्या. सगळ्या स्लाइड एकाच मापाच्या ठेवा, कारण पहिलीचं प्रमाण बाकीच्यांना लागू होतं आणि वेगळ्या मापाच्या कापल्या जातात. चारही बाजूंना शंभरेक पिक्सेल मोकळे सोडा, प्रोफाइलच्या चौकटीत कडा छाटल्या जातात.

मराठी अक्षरांकडे जास्त लक्ष द्या. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्पलेटमध्ये दोन ओळींतलं अंतर कमी असतं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अंतर वाढवा. मग “दुसऱ्या” आणि “व्यापाऱ्यांना” हे दोन शब्द टाइप करून बघा. काही फाँटमध्ये आणि जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ऱ्या तुटतो किंवा त्याचा रफार होतो. मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं, आणि टूल मराठीत चालतं या दाव्यावर त्याचा विश्वास बसत नाही. `Mukta` आणि `Baloo 2` हे दोन मोफत फाँट मला या कामासाठी भरवशाचे वाटतात.

शेवटची तपासणी कॉम्प्युटरवर करू नका. चित्र स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा, घरातल्या सगळ्यांत स्वस्त फोनवर उघडा, उजेड निम्मा करा आणि हात लांब करून वाचा. कारखानदार चाळिशी-पन्नाशीतला असतो आणि चष्मा टेबलावर राहिलेला असतो. वाचता आलं नाही तर अक्षर मोठं करण्याआधी शब्द कमी करा.

कुठे आणि कधी टाकायचं

इन्स्टाग्रामवर सात चित्रं तशीच चढवा. कॅप्शनची पहिली ओळच दिसते, बाकी “आणखी”च्या मागे जाते, म्हणून तिथे पुन्हा तोच फोन येऊ द्या. कॅप्शनमधल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही. लिंक प्रोफाइलमध्ये द्या. आमची अशी होती:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=28
```

फुल्यांच्या जागी तुमचा नंबर. लिंक उघडली की चॅटमध्ये २८ आधीच टाइप झालेलं असतं, माणसाने फक्त पाठवायचं. कोणता मेसेज कॅरोसेल बघून आलाय तेही त्यामुळे ओळखता येतं.

लिंक्डइनवर त्याच सात स्लाइडची पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून चढवली की ती सरकवता येते. पण युनिफॉर्मवाले मला तिथे फारसे भेटले नाहीत. ते व्हॉट्सअॅपवर आहेत. तिथे सात चित्रं एकदम पाठवू नका. चार किंवा जास्त फोटो एकत्र गेले की व्हॉट्सअॅप त्यांचा चौकोन करतं, उरलेले एका आकड्यामागे लपतात आणि क्रम हरवतो. पहिली, चौथी आणि सातवी अशी तीनच पाठवा, लिंक शेवटच्या चित्राखाली. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मिळतो, तेव्हा आधी एकेकाशी बोलून नंबर सेव्ह करायला सांगा.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल ते जून विसरा. टूलची गरज तेव्हाच सगळ्यांत जास्त असते आणि नेमकं तेव्हाच मालकाला नवं काही शिकायला सवड नसते. आम्ही डिसेंबरची सुरुवात धरली, पुढच्या सीझनच्या ऑर्डरींचं बोलणं सुरू होत असताना. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, ते दिवस सोडा. महिन्यातले ११ आणि २० हे जीएसटी रिटर्नचे दिवसही टाळा.

आलेले मेसेज वाचायचे कसे

लाइक मोजू नका. आलेल्या प्रश्नांवरून कोणती स्लाइड कमी पडली ते कळतं. “हे कशाचं आहे?” असं विचारलं तर पहिली चुकली. “आमच्या माणसांना जमेल का?” असं पुन्हापुन्हा आलं तर पाचवी कमी पडली. सगळे किंमतच विचारत असतील तर सातवीपर्यंत कुणी पोचत नाही, मग मधली एखादी स्लाइड काढून बघा. आणि नुसते सॉफ्टवेअरवाले कौतुक करत असतील तर भाषा अजून त्यांचीच आहे.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात नऊ वेळा २८ आलं. सहा युनिफॉर्मवाले होते. त्यातल्या चौघांचा पहिला प्रश्न एकच: “आमच्याकडे चिठ्ठीवर क्यूआर कोड नाही, तो कुठून आणायचा?” हे आम्हाला सुचलंच नव्हतं. चाचणीच्या कारखान्यात चिठ्ठ्या आम्हीच छापून देत होतो. पाचवी स्लाइड त्याच रात्री बदलली: “चिठ्ठ्या टूलमधूनच छापून मिळतात.” पण इन्स्टाग्रामवर चढवलेल्या पोस्टमधलं चित्र नंतर बदलता येत नाही, म्हणून ती ओळ कॅप्शनमध्ये टाकली आणि व्हॉट्सअॅपवर आधीच्या तीन चित्रांऐवजी त्यांतली दोन आणि नवी पाचवी असा संच पाठवायला लागलो.

एक मेसेज टॉवेलवाल्यांचा होता. “आमचं डझनात चालतं. तीस बाय साठचे किती डझन तयार आहेत, हे सांगेल का?” टूल तेव्हा फक्त नगांत मोजत होतं. तसं त्यांना स्पष्ट कळवलं, आणि त्यांचं वाक्य वहीच्या नव्या पानावर, वरच्या ओळीत उतरवून ठेवलं.